कमान अर्धी सोडता येत नाही

तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये गवंड्यांसाठी एक नियम होता. शनिवारी दुपारी नोत्र दाम कॅथीड्रलवर ‘नोन’ या प्रार्थनेची घंटा वाजली की हत्यारं खाली ठेवायची. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात हीच वेळ थोडी वेगळी होती. तेव्हा ‘वेस्पर्स’ची प्रार्थना गाऊन झाली की काम थांबायचं. त्यानंतर जो काम करेल त्याला चार दनिए दंड. पुन्हा पुन्हा करेल त्याची हत्यारं जप्त.

या नियमाला अपवाद होते फक्त तीन. रस्त्याकडेच्या दाराची चौकट बसवायची राहिली असेल, जिना पूर्ण करायचा असेल किंवा कमान बंद करायची असेल, तर घंटेनंतरही काम चालू ठेवायला हरकत नव्हती.

दाराचं कारण उघड आहे, रात्री घर उघडं कसं ठेवायचं? जिन्याचंही समजतं. पण कमान? देवाच्या प्रार्थनेची वेळ ओलांडायची परवानगी कमानीला का मिळावी? नियमात त्याचं कारण लिहिलेलं नाही. ज्यांनी तो सांगितला आणि ज्यांनी तो पाळला, त्या सगळ्यांनी हाताने कमानी बांधल्या होत्या. त्यांना कारण लिहून ठेवायची गरज नव्हती. आपल्याला मात्र ते समजून घ्यायचं तर एका उमेदवाराच्या मागे मागे सहा वर्षं जावं लागेल.

तो उमेदवार कल्पनेतला आहे. अशा मुलांची नावं कुणी नोंदवून ठेवली नाहीत, म्हणून मीही त्याला नाव देत नाही. त्याच्या भोवतीचं बाकी सगळं खरं आहे. पॅरिसचा प्रोव्हो, म्हणजे राजाचा शहरातला मुख्य अधिकारी, एतिएन ब्वालो याने 1268 च्या सुमारास शहरातल्या शंभरेक पेशांचे रिवाज एका ग्रंथात नोंदवून घेतले. त्याचं नाव ‘लिव्र दे मेतिए’, म्हणजे पेशांचं पुस्तक. गवंडी, पाथरवट आणि गिलावेवाले यांचे नियम त्यात एकाच प्रकरणात येतात. वर सांगितलेला शनिवारचा नियम तिथलाच.

आपला मुलगा कामावर आला तो 1262 च्या आसपास, तेरा-चौदा वर्षांचा असताना. नोत्र दामचा मुख्य भाग तोवर उभा होता. काम चालू होतं ते दक्षिणेकडच्या, सीन नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या दर्शनी भिंतीचं. या भिंतीच्या पायथ्याशी दगडात कोरलेला एक लॅटिन लेख आहे. मुख्य मिस्त्री ज्याँ द शेल हयात असताना हे काम सुरू झालं, असं त्यात म्हटलं आहे, आणि तारीख दिली आहे 12 फेब्रुवारी 1257. तेव्हा पॅरिसमध्ये नवं वर्ष ईस्टरला सुरू होई, त्यामुळे आपल्या हिशेबाने ते 1258 साल होतं. ज्याँ द शेलनंतर काम पिएर द मोंत्रयकडे आलं, आणि मुलगा आला तो याच पिएरच्या अमदानीत. पण पिएरशी त्याचा बोलण्याइतका संबंध येण्याचं कारण नव्हतं. त्याचा सगळा संबंध होता तो ज्याच्या हाताखाली त्याला ठेवलं होतं त्या एका मिस्त्रीशी.

त्याला ठेवण्याचा करारही नियमाने बांधलेला होता. मिस्त्रीने एका वेळी एकच उमेदवार ठेवायचा. मुदत सहा वर्षांपेक्षा कमी असता कामा नये. जास्त ठेवली तरी चालेल, आणि मुलाच्या बापाकडून पैसे मिळत असतील तर तेही घ्यावेत. स्वतःची औरस मुलं मात्र या मर्यादेत मोजायची नाहीत. हा नियम मोडला तर दंड वीस सू. एका सूचे बारा दनिए, म्हणजे हे झाले दोनशे चाळीस दनिए. शनिवारी प्रार्थनेच्या घंटेनंतर काम केल्याचा दंड चार दनिए, आणि उमेदवाराला कमी मुदतीने ठेवल्याचा त्याच्या साठपट. या पेशाला खरी धास्ती कशाची वाटत होती, ते या दोन आकड्यांवरून स्पष्ट दिसतं. अर्धवट शिकलेला माणूस भिंतीवर चढला तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं. धंद्यात गर्दी होऊ नये हा स्वार्थही त्यात होता, नाही असं नाही. हा मोठा दंड जायचा तो गवंड्यांचे रक्षक संत ब्लेझ यांच्या चॅपेलमध्ये. दगडात केलेल्या चुकीची भरपाई अशी देवाच्या दारात जमा होत असे.

आणखी एक कलम मला फार बोचतं. मिस्त्रीने मदतनीस आणि नोकर हवे तितके ठेवावेत, पण त्यांच्यापैकी कुणालाही पेशातली एकही गोष्ट दाखवू नये. म्हणजे ज्या बिगाऱ्याने वीस वर्षं चुन्याच्या पाट्या वाहिल्या, त्याने दगडाला टाकी कशी लावायची हे विचारायचं नाही, आणि विचारलं तरी कुणी सांगायचं नाही. आपला मुलगा आणि तो बिगारी एकाच आवारात राबत, एकाच धुळीत खोकत. एकाचा बाप करार करू शकला होता, दुसऱ्याचा नाही, एवढाच फरक. या नियमाचं समर्थन मला करता येत नाही. कॅथीड्रलच्या उंचीबद्दल बोलताना तिथल्या या भिंतीबद्दलही बोललं पाहिजे.

पहिलं वर्ष बहुतेक आणून देण्यात, धार लावून आणण्यात आणि बघण्यात गेलं. मग एके दिवशी मिस्त्रीने एक ओबडधोबड दगड त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “याची एक बाजू सपाट कर.”

एक बाजू सपाट करणं हे पाथरवटाचं पहिलं काम, आणि सगळं पुढचं त्याच्यावर उभं असतं. आधी दगडाच्या एका कडेला छिन्नीने बोटभर रुंदीची सरळ पट्टी काढायची. तिच्यावर एक सरळ लाकडी फळी उभी ठेवायची. मग समोरच्या कडेला दुसरी पट्टी काढायला घ्यायची आणि तिच्यावरही तशीच फळी ठेवायची. आता एक डोळा मिटून पहिल्या फळीच्या वरच्या धारेवरून दुसऱ्या फळीची धार बघायची. दोन्ही धारा एकमेकींना समांतर दिसल्या तर ठीक. एकीचं टोक वर आणि दुसरं खाली दिसलं, तर दगडाला पीळ आहे. मग दुसरी पट्टी जरा जरा उतरवत दोन्ही धारा जुळवायच्या. त्या जुळल्या की मधलं उंच राहिलेलं पोट दातेरी पात्याच्या कुऱ्हाडीने उतरवायचं. पॅरिस भागातल्या गॉथिक दगडांवर बारीक समांतर रेघा दिसतात त्या या दातांच्या. पहिल्या बाजूला पीळ राहिला तर गुण्या लावून काढलेली दुसरी बाजूही चुकते, तिच्यावरून काढलेली तिसरीही, आणि वर भिंतीत बसवताना तो दगड एका कोपऱ्यावर डुगडुगतो. मुलाचे असे किती दगड वाया गेले ते सांगता येणार नाही, पण वाया गेलेला दगड फेकत नसत. तोडून लहान कामाला किंवा भिंतीच्या पोटात भरायला वापरत.

मग आली दगडाची ओळख. पॅरिस ज्या चुनखडीवर वसलं आहे ती सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात थरावर थर साचून झाली. शिंपले तिच्यात जसे तळाशी बसले तसेच आडवे राहिले. पोथीची पानं रचून ठेवावीत तसे हे थर असतात. पोथी आडवी ठेवून तिच्यावर कितीही वजन ठेवा, काही होत नाही. उभी धरून वरून दाबली तर पानं बाजूला फाकतात. दगडाचंही तेच. म्हणून भिंतीतला दगड खाणीत जसा आडवा होता तसाच आडवा बसवायचा. तो उभा बसवला आणि थर भिंतीच्या तोंडाकडे आले, तर पाऊस आणि गारठा त्यांच्यात शिरतो आणि काही वर्षांत दगडाच्या पापुद्र्या सुटतात. घडवलेल्या ठोकळ्याकडे बघून थर कुठल्या दिशेने आहेत ते चटकन कळत नाही. मिस्त्री मुलाला दगड ओला करायला सांगे. वाळताना बारीक रेघा उमटतात आणि आडवे शिंपले दिसतात. मग हातोडीने वाजवून बघायचं. निरोगी दगड खणखणीत बोलतो, आतून तडकलेला बद्द वाजतो.

खाणीतून नुकत्या निघालेल्या दगडात पाणी असतं. त्यामुळे तो मऊ असतो आणि पटकन घडतो. पाणी सुकत जाताना विरघळलेली चुनखडी पृष्ठभागाकडे येऊन तिथे घट्ट होते आणि दगड कठीण बनतो. म्हणून कोरीव काम ताज्या दगडावर करावं. पण तोच ओला दगड थंडीच्या तोंडावर भिंतीत बसवला तर आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड फुटतो. हिवाळ्यात बसवणारे गवंडी घरी जात, अर्धवट भिंतींच्या माथ्यावर गवत आणि शेण पसरून त्या झाकून ठेवत. घडवणारे मात्र छपराखाली पुढच्या वसंताचे दगड तयार करत बसत.

तिसऱ्या वर्षी मुलाच्या डोक्यात गोंधळ झाला. भिंतीला लागून उभे असलेले बारीक लांब खांब तो बघत होता. एकेक खांब एका अखंड दगडाचा, माणसाहून उंच. आणि त्याचे थर उभे!

“उस्ताद, हे उलटं बसवलंय.”

“उलटं नाही. हा ‘लिए’ आहे. हात लावून बघ.”

लिए हा पॅरिसच्या चुनखडीतला सगळ्यात बारीक कणांचा, कठीण थर. त्याची जाडी बेताची, त्यामुळे त्यातून उंच खांब काढायचा तर तो खाणीत आडवाच काढावा लागतो आणि भिंतीशी उभा करावा लागतो. तो इतका घट्ट असतो की हे सोसतो. शिवाय यात एक फायदा मिळतो. शेजारची भिंत लहान लहान दगडांची आणि अनेक दरजांची असते. दरजांमधला चुना वाळताना आणि वजन येताना दबतो आणि भिंत किंचित खाली बसते. अखंड खांबाला मध्ये दरजाच नाहीत, त्यामुळे तो बसत नाही. वरच्या कमानीला अशा न दबणाऱ्या खांबांचा टेका मिळतो. नियम आहे थर आडवे ठेवण्याचा, पण हा दगड, ही जाडी आणि ही जागा असेल तर तो मोडायचा. बिगाऱ्याला दाखवू नये असं ज्याला म्हणत ते हेच असणार. नियम कुणीही ऐकून पाठ करू शकतो. तो कुठे सोडायचा हे सांगणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो, आणि ते शिकायला सहा वर्षं जास्त नाहीत.

प्रार्थना त्याला लहानपणापासून येत होती. पातेर नोस्तेर, आवे मारिया आणि क्रेदो, सगळं लॅटिनमध्ये आणि अर्थ मोघम. कामावर तिचा उपयोग वेळ मोजायलाही होई. घड्याळं नव्हती. दिवस घंटांनी तुटे आणि लहान अवधी पातेर नोस्तेर किती वेळा म्हणायचा यावर सांगता येई. रविवारी काम नाही, संतांच्या मोठ्या सणांना काम नाही. रोजाने राबणाऱ्या माणसाच्या घरात त्या दिवसांची श्रद्धाही असायची आणि बुडालेल्या मजुरीची चिंताही. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

पाचव्या वर्षीच्या ऑक्टोबरमधला एक शनिवार घ्या. एका खिडकीवरची टोकदार कमान बसवायचं काम चालू आहे. एकूण पंधरा घडीव दगड. प्रत्येक दगड पाचरीच्या आकाराचा, वरून रुंद, खालून अरुंद. साधारण एक फूट रुंद, एक फूट खोल आणि त्याहून जरा लांब, म्हणजे वजन ऐंशी किलोच्या आसपास. खाली सुताराने उभं केलेलं लाकडी सेंटरिंग. कमानीत दाब खाली सरळ जात नाही, वळणाबरोबर वळत जातो. म्हणून दगडाचे थरही वळणाबरोबर फिरवावे लागतात, प्रत्येक दगडात थर त्याच्या दरजांना समांतर. हे आता मुलाला सांगावं लागत नाही. दगड आधी पाण्याने भिजवतात. कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि दरजेत नुसती भुकटी उरते.

दगड दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने वर चढवतात. खालचे दोन-तीन आपल्या जागी घर्षणानेच राहतात, लाकडाला त्यांचा भार नसतो. त्यानंतरचे दगड सेंटरिंगवर रेलू लागतात. इथून धोका सुरू होतो. दोन्ही बगलांवर भार आला की लाकूड तिथे दबतं आणि माथ्याकडे वर उचललं जातं. म्हणून मिस्त्रीने माथ्यावर चार दगड नुसते ठेवून दिले आहेत, तो उठू नये म्हणून. बारा दगड बसले, तीन राहिले आणि नोनची घंटा झाली.

खालच्या छपरात टाक्यांचा आवाज एकेक करून थांबला. पाथरवटांनी हत्यारं उचलली. मुलाने मिस्त्रीकडे बघितलं.

“कमान अर्धी सोडता येत नाही,” मिस्त्री म्हणाला. “भिजव तो पुढचा.”

सोडली असती तर? सोमवारी सकाळपर्यंत सेंटरिंग त्या वाकड्या भाराखाली उभं राहिलं असतं. बगलांवर दबलेलं, माथ्यावर उठलेलं. दरजांमधला चुना त्या वाकड्या आकारातच आळायला लागला असता. सोमवारी माथ्याचे तीन दगड ठेवले की उठलेलं लाकूड पुन्हा खाली बसणार, आणि अर्धवट आळलेल्या दरजा आतून तुटणार. मधल्या काळात पाऊस आला तर लाकूड फुगणार ते वेगळंच. अशी कमान पडेलच असं नाही. पण सेंटरिंग काढल्यावर ती कुठेतरी बसते. माथ्याशी खालच्या बाजूने दरज उघडली आणि बगलेत वरच्या बाजूने उघडली, तर समजायचं की कमान पसरली आहे.

दोन दगड बसले. शेवटच्यासाठी उरलेली फट साच्याच्या मापाची नव्हती, वर बोटभर कमी. चौदा दगडांच्या दरजांमध्ये केसभर केसभर जे जास्त झालं ते सगळं इथे येऊन साठलं होतं. हे नेहमीच होतं, म्हणून शेवटचा दगड जरा मोठा ठेवलेला असतो आणि जागेवर बघून उतरवतात. मिस्त्रीने फटीचं माप वर आणि खाली वेगवेगळं घेतलं आणि दगड मुलाकडे दिला. दोन्ही बाजूंनी सारखंच उतरवायचं, नाहीतर कमानीचं टोक कलतं. मुलाने पट्टी काढली, फळी ठेवली, डोळा मिटला. दगड पातळ चुन्यावर वरून सरकत खाली उतरला. हातोड्याने ठोकून बसवायचा नसतो, शेजारचे हलतात. तळहाताने दाबला की पुरे. माथ्यावरचे मोकळे दगड काढून घेतले तेव्हा वेस्पर्सची घंटा चालू झाली होती. कुणीही दंड मागितला नाही.

पाच वर्षं भरली की मिस्त्रीला दुसरा उमेदवार घ्यायला परवानगी होती, पहिल्याची मुदत संपली नसली तरी. म्हणजे सहाव्या वर्षी एक नवा पोरगा आला असणार आणि धार लावून आणायचं काम आपल्या मुलाकडून त्याच्याकडे गेलं असणार. मुदत संपल्यावर मिस्त्री त्याला घेऊन पेशाच्या प्रमुखाकडे गेला. राजा नववा लुई याने हे पद गिय्योम द सँ-पातू याला दिलं होतं. मुलाने आपली मुदत नीट आणि इमानाने भरली, अशी साक्ष मिस्त्रीने दिली. मग मुलाने संतांना साक्षी ठेवून शपथ घेतली, की पेशाचे रिवाज आपण पाळू. शपथेनंतर त्याच्या हातात कागद दिला गेला नाही. त्याची शपथ आणि मिस्त्रीची साक्ष, एवढंच त्याचं प्रमाणपत्र.

पिएर द मोंत्रय 1267 मध्ये वारला. फ्रान्समधल्या गिल्ड 1791 मध्ये कायद्याने बंद झाल्या. दक्षिणेकडच्या दर्शनी भिंतीचा आणि तिच्यावरच्या गोल खिडकीचा बराच भाग एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युकच्या देखरेखीखाली नव्याने बांधला गेला, त्यामुळे तिथे दिसणारा प्रत्येक दगड त्या काळातला आहे असं समजू नये. 2019 च्या आगीत घुमटाकार छताचे काही भाग कोसळले. ते पुन्हा बांधताना पॅरिसखालच्या जुन्या खाणी उपलब्ध नव्हत्या, म्हणून त्याच जातीची चुनखडी उत्तरेकडच्या ओआझ भागातून आणली गेली. कमानी पुन्हा लाकडी सेंटरिंगवरच, घडीव दगड आणि चुना वापरून बंद केल्या गेल्या. 8 डिसेंबर 2024 पासून नोत्र दाम पुन्हा प्रार्थनेसाठी उघडं आहे. कधी जाणं झालं, तर पश्चिमेच्या दारापुढच्या रांगेतून थोडा वेळ काढून नदीकडच्या बाजूला जा. ज्याँ द शेलचा तो लेख तिथे भिंतीच्या पायथ्याशी आहे.